गृहकर्ज आहे म्हणून जुनी करप्रणाली? आधी हा हिशेब मांडून बघा

दरवर्षी एप्रिलमध्ये कंपनीचा मेल येतो: या वर्षी जुनी करप्रणाली की नवी, ते कळवा. ज्यांच्या डोक्यावर गृहकर्ज आहे त्यातले बरेच जण फारसा विचार न करता ‘जुनी’ निवडतात. कारण ठरलेलं असतं. ‘व्याजाचे दोन लाख वजा होतात ना, नव्यात ते मिळत नाहीत.’ दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण त्यातून काढलेला निष्कर्ष आता बहुतेकांच्या बाबतीत चुकतो. माझ्या ओळखीतल्या पगारदार मंडळींचे आकडे मी मांडून देतो तेव्हा अनेकांना आपण वर्षाला चाळीस-पन्नास हजार जास्त भरत होतो हे पहिल्यांदाच कळतं. वाईट वाटतं, कारण हे पैसे एका साध्या बेरीज-वजाबाकीने वाचले असते.

म्हणून इथे एकच उदाहरण घेतो आणि ते शेवटपर्यंत नेतो. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे ज्याचं रिटर्न २०२६ मध्ये भरायचं त्या वर्षाचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. पण २०२५-२६ च्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागू असल्यामुळे सगळ्यांच्या तोंडात बसलेले जुने क्रमांकच वापरतो.

समजा, नाशिकचा एक मुलगा पुण्यात नोकरी करतो. वर्षाचा एकूण पगार १६ लाख, त्यात मूळ पगार ६ लाख ४० हजार. त्याने ४० लाखांचं कर्ज काढून घर घेतलंय. व्याजदर ८.५ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता सुमारे ३४,७०० रुपये. पहिल्या वर्षी तो हप्त्यांपोटी साधारण ४ लाख १६ हजार भरतो. त्यातले सुमारे ३ लाख ३७ हजार व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं जेमतेम ८० हजार.

आता जुन्या प्रणालीत त्याला काय काय मिळतं ते बघू. स्वतःच्या राहत्या घराच्या कर्जावरचं व्याज कलम २४ खाली वजा होतं, पण कमाल २ लाख. म्हणजे ३ लाख ३७ हजारांपैकी १ लाख ३७ हजारांचा करासाठी काहीच उपयोग नाही. मुद्दल ८०सी मध्ये धरलं जातं आणि तिथे सगळं मिळून दीड लाखाची मर्यादा आहे. त्याच्या पगारातून पीएफ कापला जातो तो मूळ पगाराच्या १२ टक्के, म्हणजे ७६,८०० रुपये. त्यात ८० हजारांचं मुद्दल मिळवलं की दीड लाखाचा कोटा तिथेच भरला. हे मुद्दाम सांगतोय, कारण अशी माणसं जानेवारी-फेब्रुवारीत ‘टॅक्स वाचवायला’ म्हणून आणखी एक विमा पॉलिसी घेतात. तिच्या हप्त्यावर त्यांचा एक रुपयाही कर वाचत नाही, कारण कोट्यात जागाच उरलेली नसते.

या दोन वजावटींखेरीज आरोग्य विम्याचे २५ हजार, व्यवसाय कराचे २,५०० आणि पगारदारांना सरसकट मिळणारं ५० हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन. सगळं वजा जाता करपात्र उत्पन्न ११ लाख ७२ हजार ५०० राहतं. जुन्या दरांनी, म्हणजे अडीच लाखांपर्यंत शून्य, पाच लाखांपर्यंत ५ टक्के, दहा लाखांपर्यंत २० आणि त्यावर ३० टक्के धरून, कर होतो १,६४,२५०. त्यावर ४ टक्के उपकर लावला की १,७०,८२० रुपये.

नव्या प्रणालीत त्याला फक्त स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, पण ते ७५ हजार. म्हणजे करपात्र उत्पन्न १५ लाख २५ हजार. दर मात्र बरेच खाली आहेत. चार लाखांपर्यंत काही नाही, पुढे दर चार लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २०, २५ टक्के आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के. कर होतो १,०८,७५०, उपकर धरून १,१३,१००.

फरक ५७,७२० रुपयांचा, आणि तोही नव्या प्रणालीच्या बाजूने. घराचं व्याज, मुद्दल, पीएफ, विमा, सगळं पूर्ण धरूनही.

इथे बऱ्याच जणांना पटत नाही. ‘पण व्याजामुळे माझे साठ हजार वाचतात!’ वाचतात, अगदी ६२,४०० वाचतात. व्याज नसतं तर जुन्या प्रणालीत त्याचा कर २,३३,२२० झाला असता, तो १,७०,८२० वर आला. ही बचत जुन्या प्रणालीच्या आतली आहे. तिथले दर चढे आहेत म्हणून वजावट मोठी वाटते. दुकानदाराने भाव वाढवून वर सूट दिली तर आपण सूट किती ते बघत नाही, शेवटी खिशातून किती गेले ते बघतो. इथेही तेच बघायचं.

मग जुनी प्रणाली परवडायला त्याच्या वजावटी किती हव्यात? हे उलटं गणित करून काढता येतं. नव्या प्रणालीचा कर १,०८,७५० (उपकराआधी). जुन्यात तेवढाच कर यायला करपात्र उत्पन्न ९ लाख ८१ हजार २५० वर आलं पाहिजे. म्हणजे स्टँडर्ड डिडक्शन सोडून ५ लाख ६८ हजार ७५० रुपयांच्या वजावटी हव्यात. त्याच्याकडे आहेत ३ लाख ७७ हजार ५००. कमी पडतात १ लाख ९१ हजार २५०.

पगार वाढत जातो तसा हा उंबरठाही वर सरकतो. २० लाखांच्या पगाराला स्टँडर्ड डिडक्शन सोडून सुमारे ७ लाख ८ हजारांच्या वजावटी लागतात. पावणेपंचवीस लाख आणि त्यापुढे तो आकडा ८ लाखांवर येऊन थांबतो, कारण तिथून दोन्हीकडे ३० टक्केच लागतात. आणि पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असेल तर प्रश्नच मिटला. नव्या प्रणालीत ८७ए ची सवलत मिळून पगारावरचा कर शून्य होतो, तिथे गृहकर्जाचा हिशेब मांडायची गरजच नाही.

आता आपल्या नाशिककराला कमी पडणारे १ लाख ९१ हजार कुठून येऊ शकतात? राष्ट्रीय पेन्शन योजनेत स्वतःहून भरलेले ५० हजार जुन्या प्रणालीत वेगळे वजा होतात, पण तेवढ्याने भागत नाही. शिवाय ते पैसे बरीच वर्षं अडकतात. एवढी मोठी पोकळी भरून काढणारी गोष्ट पगारदाराकडे साधारण एकच असते, ती म्हणजे घरभाडे भत्त्यावरची सूट.

म्हणजे प्रश्न असा होतो की कर्ज काढून घेतलेल्या घरात तो स्वतः राहतो का? पुण्यात घर घेऊन त्यातच राहत असेल तर भाडं नाही आणि सूटही नाही. गणित वर झालंच आहे, नवी प्रणाली निवडावी. पण घर नाशिकला असेल, तिथे आई-वडील राहत असतील आणि तो पुण्यात भाड्याने राहत असेल, तर चित्र बदलतं. नाशिकचं घर करासाठी ‘स्वतःच्या राहण्याचं’च धरलं जातं. अशी दोन घरं धरता येतात आणि २०२५ च्या अर्थसंकल्पातल्या बदलानंतर आपण तिथे का राहत नाही याचं कारण सांगावं लागत नाही. व्याजाचे २ लाखही मिळतात आणि पुण्याच्या भाड्यावरची सूटही. दोन्ही एकत्र घेणं कायद्यात बसतं, फक्त भाडं खरोखर दिलेलं असायला हवं.

सूट किती, ते तीन आकड्यांतला सगळ्यात लहान आकडा ठरवतो. एक, मिळालेला घरभाडे भत्ता. दोन, मूळ पगाराच्या ४० टक्के (मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईसाठी ५० टक्के, आणि २०२५-२६ ला पुणे त्यात नाही). तीन, दिलेल्या भाड्यातून मूळ पगाराचे १० टक्के वजा करून उरलेली रक्कम. आपल्या उदाहरणात भत्ता २ लाख ५६ हजार आहे आणि मूळ पगाराचे ४० टक्केही तेवढेच होतात. भाडं महिना २२ हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ६४ हजार. त्यातून ६४ हजार गेले, उरले २ लाख. हा सगळ्यात लहान, म्हणून सूट २ लाखांची.

आता जुन्या प्रणालीत करपात्र उत्पन्न ९ लाख ७२ हजार ५०० होतं आणि उपकरासह कर १,११,२८०. नव्यात तो १,१३,१०० होता. जुनी प्रणाली जिंकली, पण केवळ १,८२० रुपयांनी.

हेच भाडं महिना २० हजार असतं तर सूट १ लाख ७६ हजारांवर आली असती आणि नवी प्रणाली तीन हजारांहून थोड्या जास्त फरकाने पुढे गेली असती. दोन हजारांच्या भाड्याने पारडं फिरतं. म्हणून ‘मित्राने जुनी घेतली’ हे कारण चालत नाही. मित्राचा मूळ पगार वेगळा असतो, भाडंही वेगळं. आणि फरक इतका थोडा असेल तर मी स्वतः नवी प्रणालीच सुचवतो. दीड-दोन हजारांसाठी वर्षभर भाडेपावत्या जमवायच्या आणि वर्षाचं भाडं लाखाच्या वर असल्यामुळे घरमालकाचा पॅनही मिळवायचा. पॅन मागितला की अनेक मालकांचा चेहरा उतरतो. द्यायला त्यांनी नकार दिला तर कंपनी सूट धरत नाही आणि मार्चच्या पगारातून उरलेला सगळा कर एकदम कापला जातो. हा अनुभव दरवर्षी कुणाला ना कुणाला येतो.

नवरा-बायको दोघांच्या नावावर घर असेल तर आणखी एक गाठ असते. दोघंही सहमालक आणि सहकर्जदार असतील तर व्याज आपापल्या वाट्याप्रमाणे विभागलं जातं आणि जुन्या प्रणालीत प्रत्येकाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. ऐकायला छान वाटतं. पण समजा वाटा अर्धा-अर्धा आहे. तर आपल्या उदाहरणात नवऱ्याच्या वाट्याला व्याज येतं सुमारे १ लाख ६८ हजार. बायकोचा पगार १० लाख असेल तर नव्या प्रणालीत तिचा कर शून्यच आहे, तिने जुनी निवडण्यात अर्थ नाही. मग तिच्या वाट्याचं व्याज वाया गेलं आणि नवऱ्याचीही वजावट २ लाखांवरून ३२ हजारांनी घटली. भाडं २२ हजार धरलं तरी आता त्याची जुनी प्रणाली हरते. दोघांनी एकच प्रणाली घ्यायला हवी असं बंधन नाही, ज्याचा त्याने आपापला हिशेब करावा. पण एक लक्षात ठेवा. वाटा दरवर्षी सोयीप्रमाणे बदलता येत नाही. तो खरेदीखत आणि प्रत्यक्ष हप्ता कोण भरतं यावरून ठरतो. घर घेतानाच, सही करण्याआधी याचा विचार झाला तर बरं.

नाशिकचं घर रिकामं किंवा आई-वडिलांकडे न ठेवता भाड्याने दिलं तर? अनेकांचा समज असा आहे की नव्या प्रणालीत गृहकर्जाच्या व्याजाला काहीच किंमत नाही. तसं नाही. भाड्याने दिलेल्या घराच्या बाबतीत नव्या प्रणालीतही व्याज वजा होतं, पण त्या घराच्या भाड्यापुरतंच. महिना १० हजार भाडं आलं, वर्षाचे १ लाख २० हजार. त्यातून भरलेली घरपट्टी ५ हजार गेली, उरलेल्याच्या ३० टक्के देखभालीपोटी सरसकट गेले, राहिले ८०,५००. यातून व्याज वजा होऊन भाड्याचं उत्पन्न शून्यावर येतं. मात्र उरलेलं अडीच लाखांहून जास्त व्याज नव्या प्रणालीत पगारातून वजा करता येत नाही. जुन्यात तो तोटा २ लाखांपर्यंत पगारातून वजा होतो आणि वरचा पुढच्या आठ वर्षांतल्या घराच्या उत्पन्नासाठी राखून ठेवता येतो. म्हणजे भाडं दोन्हीकडे करमुक्त झालं, आणि जुनी-नवीची तुलना पुन्हा त्याच २ लाखांपाशी येते. वर केलेला हिशेब तसाच लागू होतो.

घर अजून बांधून पूर्ण झालेलं नसेल तर त्या वर्षी ‘जुनी’ निवडण्यात फार मोठी चूक होऊ शकते. बांधकाम चालू असताना भरलेलं व्याज त्या वर्षी वजा होतच नाही. घर पूर्ण झालं की आधीच्या वर्षांचं साठलेलं व्याज पाच समान हप्त्यांत, त्याच २ लाखांच्या मर्यादेत, मिळू लागतं. आपल्या उदाहरणातल्यासारखं मोठं कर्ज असेल तर चालू वर्षाच्या व्याजानेच मर्यादा भरते आणि साठलेल्या व्याजाचा हप्ता कागदावरच राहतो. शिवाय कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत घर पूर्ण झालं नाही तर स्वतः राहण्याच्या घरासाठी मर्यादा २ लाखांवरून ३० हजारांवर येते. रखडलेल्या प्रकल्पात पैसे अडकलेल्यांवर हा दुहेरी घाव आहे आणि मला तो नियम अन्यायाचाच वाटतो. उशीर बिल्डरचा असतो, वजावट मात्र घर घेणाऱ्याची जाते.

कर्ज लवकर फेडावं की नाही, हा प्रश्नही या निवडीला जोडलेला आहे. ‘कर वाचतो म्हणून कर्ज चालू ठेवलंय’ असं म्हणणारे नव्या प्रणालीत असतील आणि घर स्वतःच्या राहण्याचं असेल तर त्या व्याजावर त्यांचा काहीच कर वाचत नाही. ८.५ टक्के व्याज म्हणजे पूर्ण ८.५ टक्केच. जुन्या प्रणालीतही सगळ्या कर्जावर फायदा नसतो. ८.५ टक्क्यांनी वर्षाला २ लाख व्याज व्हायला साधारण साडेतेवीस लाखांचं कर्ज पुरतं. घर स्वतःच्या राहण्याचं असेल तर त्याच्या वरच्या रकमेवरचं व्याज कुठल्याच प्रणालीत वजा होत नाही. बोनस हाती आला आणि शिल्लक कर्ज साडेतेवीस लाखांहून जास्त असेल, तर वरची रक्कम भरून टाकताना कराचा तोटा होईल ही भीती बाळगू नये. काहीही जादा न भरता हप्ते नेमाने चालू ठेवले तर आपल्या उदाहरणातलं वार्षिक व्याज तेराव्या वर्षी २ लाखांच्या खाली जातं. तिथून पुढे जुन्या प्रणालीची ही वजावट दरवर्षी आटत जाते, म्हणजे आज जुनी जेमतेम परवडत असेल तर तेव्हा परवडणार नाही.

आता प्रत्यक्ष करायचं काय? बँकेकडून व्याजाचं प्रमाणपत्र घ्या. वर्षाच्या मध्ये मिळतं ते अंदाजाचं असतं, एप्रिलमध्ये मिळतं ते अंतिम. व्याजदर बदलला किंवा मध्ये जादा रक्कम भरली असेल तर दोन्हींत फरक पडतो, रिटर्न भरताना अंतिमच घ्यावं. पगाराच्या पत्रकातून मूळ पगार आणि घरभाडे भत्ता काढा. मग वरच्यासारखा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडा. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावरही दोन्ही प्रणालींची तुलना करणारा कॅल्क्युलेटर आहे. मात्र घरभाड्याची सूट आधी स्वतः काढून घ्या. तुलनेत ती रक्कम घालायचीच राहून गेली तर उत्तर हमखास चुकतं.

एप्रिलमध्ये कंपनीला काहीच कळवलं नाही तर नव्या प्रणालीने टीडीएस कापला जातो. कंपनीला सांगितलेली निवड फक्त टीडीएसपुरती असते. धंद्याचं उत्पन्न नसलेला पगारदार रिटर्न भरताना दरवर्षी नव्याने निवड करू शकतो, मग कंपनीला काही का सांगितलेलं असेना. अट एकच: जुनी हवी असेल तर रिटर्न मुदतीच्या आत, साधारणपणे ३१ जुलैपर्यंत, भरलं पाहिजे. तारीख उलटली की त्या वर्षी फक्त नवी प्रणाली उरते आणि कंपनीने जुन्या हिशेबाने कमी कापलेला कर व्याजासकट भरावा लागतो.

आणि रिटर्नच्या फॉर्ममधला तो प्रश्न नीट वाचा. तिथे ‘जुनी की नवी’ असं सरळ विचारलेलं नसतं. नव्या प्रणालीतून बाहेर पडायचं आहे का, असं विचारलेलं असतं, ‘Opting out of new tax regime’. त्यामुळे जुनी हवी असेल तर उत्तर ‘Yes’ आणि नवी हवी असेल तर ‘No’. घाईत उलटं बटण दाबलं जातं आणि मग घरभाड्याची सूट, व्याज, ८०सी सगळं भरायचे रकाने एकतर दिसत नाहीत किंवा रक्कम धरली जात नाही. तसं झालं की आधी हे उत्तर तपासा. जुनी निवडलीत तर कर्जखात्याचा क्रमांक, कर्ज मंजूर झाल्याची तारीख, बँकेचं नाव, भाड्याचा तपशील असं सगळं भरावं लागतं, तेव्हा ते कागद बसायच्या आधी समोर ठेवा. सबमिट करण्यापूर्वी शेवटच्या पानावरचा एकूण कर तुमच्या कागदावरच्या आकड्याशी जुळतो का ते बघा. शे-दोनशेचा फरक ढोबळ धरलेल्या रकमांचा असू शकतो, पण हजारांत फरक असेल तर एखादी वजावट राहिली आहे किंवा दोनदा धरली आहे.